बारा दिवसांची रजा

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिराला जायचं ठरवलंस, तारीखही निवडलीस आणि आता रजेसाठी सरांसमोर तोंड उघडायचं म्हटलं की घसा कोरडा पडतो, असं लिहिलंयस. शिबिरात मांडी घालून बसण्यापेक्षा केबिनमध्ये उभं राहणं अवघड वाटतंय तुला. त्याचं हसू आलं, पण नवल वाटलं नाही. तीस वर्षं मीही हिशेबखात्यात काढली. त्यातली अर्धी रजा मागण्यात गेली आणि अर्धी इतरांच्या रजेच्या अर्जांवर सही करण्यात. म्हणून टेबलाच्या दोन्ही बाजूंनी सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे तू दहा दिवसांची रजा मागूच नकोस. शिबिराला दहा दिवसांचं म्हणतात, पण दहा दिवसांत ते आटपत नाही. ज्या दिवशी दुपारी नोंदणी होते, तो शून्य दिवस. संध्याकाळी हलकं खाणं, सूचना, आणि मग आर्य मौन सुरू. पुढचे दहा दिवस पूर्ण, आणि अकराव्या दिवशी पहाटेचं शेवटचं प्रवचन, नाश्ता, खोलीची झाडलोट करून सकाळी साडेसातच्या सुमाराला तुम्ही मोकळे. म्हणजे कॅलेंडरवर बारा घरं भरतात. दहा दिवस सांगून बाराव्या दिवशी उगवणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि ‘अजून दोन दिवस वाढवा’ असा निरोप पाठवायची तर तिथून सोयच नसते. सरकारी नोकरांना महाराष्ट्र शासनाने विपश्यनेसाठी जी परावर्तित रजा ठेवली आहे, तीही चौदा दिवसांची आहे. बारामध्ये जाण्यायेण्याचे दोन मिळवले की चौदा होतात. (तो शासन निर्णय छापून सरांच्या टेबलावर ठेवायचा मोह तुला होईल. ठेवू नकोस. खासगी कंपनीला तो लागू नाही, आणि ‘सरकार देतं मग तुम्ही का नाही’ हे वाक्य ऐकून कुठल्याही मालकाचा चेहरा बदलतो.)

आता तू निवडलेले दिवस मांडून बघू. २१ जानेवारी, बुधवार, ते १ फेब्रुवारी, रविवार. तुमचा आठवडा सहा दिवसांचा. पहिल्या आठवड्यातले बुध, गुरू, शुक्र, शनी असे चार. रविवार सुट्टीचा. सोमवारी २६ जानेवारी, तीही सुट्टी. मग मंगळवार ते शनिवार पाच. म्हणजे बारा दिवस बाहेर राहायचं, पण खात्यातून रजा जाते नऊ. मात्र तुमच्याकडे सँडविचचा नियम असेल, म्हणजे रजेच्या मधे आलेल्या सुट्ट्याही रजेत धरत असतील, तर २५ आणि २६ दोन्ही आत ओढल्या जातील आणि नऊच्या अकरा होतील. शेवटचा रविवार टोकाला असल्याने सहसा सुटतो. हे सरांकडे जायच्या आधी एचआरच्या बाईंना विचारून घे. केबिनमध्ये ‘नऊ दिवस’ म्हणायचं आणि नंतर रजेच्या खात्यात अकरा लागायचे, यात तुझा दोष नसला तरी फसवल्यासारखं दिसतं.

ही रजा अर्जित रजेतून माग. किरकोळ रजेतून मागू नकोस, ती एका वेळी दोन-तीनच्या वर कोणी देत नाही. आजारपणाच्या रजेचं तर नावही काढू नकोस. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षात २४० दिवस काम भरलेल्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा सांगितली आहे आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. म्हणजे अगदी कमीत कमी धरली तरी वर्षाला बारा. तुझ्या पगाराच्या स्लिपवर २१ शिल्लक दिसतात असं तू लिहिलंयस. मग तू कसलीही मेहेरबानी मागत नाहीयेस. फक्त एवढं लक्षात ठेव की रजा हक्काची असली तरी ती नेमकी कधी घ्यायची यात मालकाच्या सोयीचाही भाग असतो. सगळं बोलणं त्या ‘कधी’वरच होणार आहे.

आता खरी अडचण सांगतो. तुला वाटतंय की सरांना नऊ दिवस जास्त वाटतील. मला नाही वाटत. तुमच्याच ऑफिसातला तो सेल्सवाला लग्नासाठी पंधरा दिवस गेला होता आणि कोणी हूं का चूं केलं नाही, हे तूच लिहिलंयस. पण तो मांडवातूनही फोन उचलत होता. आपल्याकडे रजा देणाऱ्याच्या मनात एक न लिहिलेली अट असते, की माणूस रजेवर असला तरी फोनवर असतो. तू ती अट मोडायला निघाली आहेस. तिथे गेल्यावर फोन जमा करावा लागतो. वाचायचं नाही, लिहायचं नाही, बोलायचं नाही. पहाटे चारला घंटा, साडेचारपासून साधना, रात्री साडेनऊला दिवे बंद. दहाव्या दिवशी सकाळी सगळ्यांचं भलं चिंतायची मंगल मैत्री झाल्यावर मौन सुटतं, तोवर तू जगाला नाहीस. सरांना भीती असेल ती याची, आणि त्यांनी ती बोलून दाखवायच्या आधी तूच बोलून टाक.

तसं न केल्याने काय होतं ते माझ्यावर गुदरलंय, म्हणून सांगतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मोबाइल नव्हते. ऑफिसात सांगितलं, गावी जत्रा आहे, देवाचं काम आहे. खरं सांगितलं तर हसतील अशी भीती. इगतपुरीला पोचलो, नोंदणीच्या टेबलावर पैसे, घड्याळ, डायरी अशी चीजवस्तू एका कापडी पिशवीत घालून जमा केली. पिशवीची नाडी ओढताना हाताला काहीतरी टोचलं. ऑफिसच्या कपाटाची किल्ली! रोकड वही, चेकबुकं, सगळं त्या कपाटात. दुसरी किल्ली साहेबांकडे होती, पण ती त्यांच्या घरी कुठेतरी होती, म्हणजे नव्हतीच. आता काय करायचं? परत जावं तर खोटं उघडं पडणार. किल्ली पिशवीत टाकली आणि आत गेलो.

तिसऱ्या दिवशी ऑफिसने शिपायाला माझ्या घरी पाठवलं. बायकोला मी काय थाप मारली आहे ते सांगायचंच विसरलो होतो. तिने सरळ सांगितलं, ‘ते इगतपुरीला ध्यानाला बसलेत.’ कपाट सुताराकडून उघडून घेतलं. मी परत आलो तेव्हा कुलपाच्या जागी भोक होतं आणि साहेब एवढंच म्हणाले, ‘मिळाली का शांती?’ पुढची दोन-तीन वर्षं मी खरोखर ताप येऊन झोपलो तरी कोणीतरी विचारपूस करायच्या निमित्ताने घरी डोकावून जायचं. आणि आतली गंमत ऐक. शिबिराच्या सुरुवातीलाच पंचशील घेतात, त्यात खोटं न बोलण्याचं एक शील आहे. मौनामुळे ते आपोआप पाळलं जातं म्हणतात. माझं आधीच मोडून झालं होतं. श्वास बघायला बसलो की किल्ली दिसायची.

तुझ्याकडे किल्ली नसेल, पण तुझा फोनच किल्ली आहे. जरा शांतपणे आठव. बँकेच्या नेट बँकिंगला मेकर तू आहेस, म्हणजे पेमेंट टाकताना ओटीपी तुझ्या नंबरवर येतो. जीएसटी पोर्टलवर सरांच्या नावाने सही होत असली तरी नोंदलेला नंबर तुझा दिलाय, असं तू मागे कधीतरी कौतुकाने सांगितलं होतंस. माल पाठवायला लागणारं ई-वे बिल रोज निघतं, त्याचं लॉगिनही तुझंच. आणि सरांच्या डिजिटल सहीचं ते पेनड्राइव्हसारखं टोकन तुझ्या ड्रॉवरमध्ये, कधीकधी पर्समध्ये. तू नुसती रजेवर गेलीस तर काम थोडं रेंगाळेल. पण तुझा नंबर बारा दिवस बंद झाला तर तुमच्या गोदामातून ट्रक निघणार नाही. मालक ‘बघू’ म्हणतो तेव्हा त्याला नेमकं हे सांगता येत नसतं, पण पोटात तेच असतं.

म्हणून केबिनमध्ये जायच्या आधी डिसेंबरात या चार गाठी सोडव. ई-वे बिलाच्या पोर्टलवर सब-युजर तयार करता येतो. तुझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलाला त्याच्या स्वतःच्या नंबरवर तो करून दे आणि आठवडाभर बिलं त्यालाच काढू दे. बँकेत दुसरा मेकर घालायला अर्ज, सह्या, शाखेत दोन फेऱ्या, असं सगळं लागतं, त्यामुळे ते जानेवारीवर ढकलू नकोस. जीएसटीला सरांचा स्वतःचा नंबर घालून घे. खरं तर तो पहिल्या दिवसापासून त्यांचाच असायला हवा होता. तू उद्या नोकरी सोडलीस तर काय, हा प्रश्न त्यांना पडला नाही हे त्यांचं नशीब. टोकन त्यांच्या हातात दे आणि दिल्याचा एक ओळीचा मेल टाक.

मग रंगीत तालीम कर. ही युक्ती माझ्या हाताखालच्या एका बाईंची. त्यांनी माझ्याकडे रजा मागितली तेव्हा मी नेहमीसारखा ‘बघू’ म्हणालो. पुढच्या मंगळवारी त्या ऑफिसला आल्या, फोन बंद करून माझ्या टेबलावर ठेवला, आणि दिवसभर मागच्या खोलीत जुन्या फायली लावत बसल्या. जाताना सांगून गेल्या की आज मी नाही असं समजा, फक्त कोण काय विचारायला येतं ते एका कागदावर लिहून ठेवा. संध्याकाळपर्यंत सात नोंदी झाल्या. त्यातल्या चार नुसत्या सवयीच्या होत्या. ‘त्या फाइलचं नाव काय होतं’ असल्या. एक टॅलीच्या पासवर्डची. एक अशा गिऱ्हाइकाची, ज्याला त्या दर महिन्याला स्वतःहून फोन करून पैशांची आठवण करत आणि हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. सातवी एका ओटीपीची, ती मात्र खरी अडली. दुसऱ्या दिवशी त्यांनी सातही मिटवल्या आणि त्यानंतर मला ‘नाही’ म्हणायला तोंडच उरलं नाही. तूही असा एक दिवस काढ. मात्र २० तारखेच्या आसपास नको.

तारखांचंच बघायचं तर तू निवडलेला काळ चांगला आहे, पण त्यात एक खड्डा आहे. टीडीएसचा भरणा ७ तारखेला, जीएसटीआर-१ अकराला, पीएफ पंधराला, जीएसटीचं थ्री-बी रिटर्न वीसला. वीस झाली की हिशेबखात्याला श्वास घ्यायला जागा मिळते आणि तू बरोबर २१ धरलीस. पण जानेवारीत ऑक्टोबर-डिसेंबरच्या तिमाहीचं टीडीएस रिटर्न असतं आणि त्याची शेवटची तारीख ३१. दर महिन्याच्या सवयीने मोजलं की हे नजरेतून सुटतं, कारण ते तीन महिन्यांनी एकदा येतं. सर मात्र विसरणार नाहीत. ते म्हणतील, ‘आणि टीडीएसचं रिटर्न?’ तेव्हा तुझा चेहरा पडता कामा नये. डिसेंबरचा भरणा ७ जानेवारीला झाला की चलनं हातात येतात, मग १५ च्या आत रिटर्न भरून टाकायला काही हरकत नाही. पॅन चुकलेले सापडतात ते ऐनवेळी सापडतात, म्हणून ते काम आधी काढ. राहिला पगार. हजेरी तुमच्याकडे २५ ला बंद होते, तेव्हा तू तिथे चौथ्या दिवसात असशील. तो तक्ता सूत्रांसकट तयार करून ठेव, डिसेंबरचे आकडे घालून त्या मुलाकडून एकदा चालवून घे, आणि ३१ ला बँकेत टाकायचं काम नव्या मेकरकडे दे. थ्री-बी शक्यतो सोमवारी १९ लाच भर. वीसला पोर्टल कसं रांगतं ते तुला मी सांगायला नको. शिवाय बुधवारी पहाटे पुण्याहून निघून कल्याणला गाडी बदलायची तर मंगळवारी रात्री नऊपर्यंत ऑफिसात बसून चालणार नाही.

आता प्रत्यक्ष बोलणं. आधी अर्ज टाकून मग भेटायला जाऊ नकोस. मेलवर आलेल्या अर्जाला ‘नाही’ म्हणणं फार सोपं असतं. पण शिबिराचा फॉर्म भरायच्याही आधी एकदा तोंडी कानावर घाल. जागा लवकर भरतात, प्रतीक्षा यादी असते, आणि तिथून पक्कं झाल्याचा निरोप आल्यावर रजा मिळाली नाही म्हणून ऐनवेळी कळवलंस तर एखादीची जागा फुकट जाते. म्हणून आधी एवढंच म्हण, ‘सर, मला विपश्यनेच्या शिबिराला जायचंय, बारा दिवस लागतात, जानेवारीच्या शेवटी बसेल असं मला वाटतं, तुमच्या डोक्यात त्या वेळी काही आहे का?’ रजा मिळेल का, असा प्रश्न विचारू नकोस. कधी सोयीचं, एवढंच विचार. मग फॉर्म, मग पक्कं झाल्याचा निरोप, आणि तो जोडून लेखी अर्ज. एक महिना आधी दिलास तर उत्तम.

का जायचंय हे किती सांगायचं? थोडंच. ‘कामाचा ताण आलाय, मन थाऱ्यावर नाही’ असं तू मला लिहिलंस ते ठीक. सरांना सांगितलंस तर त्यांना ऐकू येईल की ही नोकरी सोडतेय. त्यांना पटवायलाही बसू नकोस, की सर तुम्हीही एकदा जाऊन या. आपल्याकडे ‘इगतपुरी’ एवढा एक शब्द पुरतो. प्रत्येकाचा कोणीतरी मेहुणा नाहीतर शेजारी जाऊन आलेला असतो. फार तर दोन-तीन प्रश्न येतील, त्यांची उत्तरं तयार ठेव.

ते म्हणतील, ‘एवढे कशाला, तीन दिवसांचं कर ना.’ खरं उत्तर असं की छोटी शिबिरं असतात, पण ती ज्यांनी आधी एक दहा दिवसांचं पूर्ण केलंय त्यांच्यासाठी. पहिले तीन दिवस नुसता श्वास पाहायचा, आनापान. विपश्यना शिकवतात चौथ्या दिवशी. तिसऱ्या दिवशी उठून येणं म्हणजे कणीक मळून पोळी न लाटता उठण्यासारखं आहे. (पोळीचा दाखला देऊ नकोस. तो माझा.) ते म्हणतील, ‘रात्री एकदा फोन कर.’ इथे गुळमुळीत बोलू नकोस. ‘सर, फोन जमा असतो, मला करता येणार नाही’ हे स्पष्ट सांग. त्याच दमात केंद्राच्या कार्यालयाचा नंबर दे. घरचं कोणी गंभीर आजारी पडलं, काही अघटित घडलं, तर व्यवस्थापक निरोप आत पोचवतात. पुरवठादाराचं पेमेंट अडलं, हा त्यातला प्रसंग नव्हे, हेही हसत हसत बोलून घे. आणि ते म्हणतील, ‘मधेच पळून आलीस तर?’ पूर्ण काळ थांबायचं हे सुरुवातीलाच कबूल करून आत जायचं असतं, असं सांग. पैशांचं विचारलं तर फी नसते, शिबिर पूर्ण केल्यावर ज्याला द्यायचं तो दान देतो.

अर्ज इंग्रजीत कर की मराठीत, मजकूर एवढाच असू दे:

‘२१ जानेवारी ते ३१ जानेवारी या काळात माझ्या शिल्लक अर्जित रजेतून ९ दिवसांची रजा मंजूर व्हावी, ही विनंती. (२५ व २६ सुट्टी. १ फेब्रुवारी रविवार. २ फेब्रुवारीला कामावर हजर होईन.) मी इगतपुरी येथे विपश्यना शिबिरास जात असून या काळात माझा फोन व मेल पूर्ण बंद राहील. डिसेंबरचे जीएसटी रिटर्न व तिमाही टीडीएस रिटर्न मी निघण्यापूर्वी भरलेले असेल. ई-वे बिले, बँक पेमेंट व पगार यांची जबाबदारी कोणाकडे दिली आहे त्याचा तक्ता सोबत आहे. शिबिराच्या नोंदणीचा निरोप व केंद्राचा आणीबाणीचा नंबर जोडला आहे.’

सँडविच लागत असेल तर नऊच्या जागी अकरा कर आणि कंसातली सुट्टीची ओळ काढ. ‘फोन पूर्ण बंद राहील’ हे वाक्य मात्र गाळू नकोस. उद्या कोणी म्हणालं की सांगितलंच नव्हतं, तर तो कागद तुझ्या बाजूने बोलेल.

नाही म्हणाले तर? तिथेच रडू नकोस आणि वादही घालू नकोस. ‘मग कोणता महिना धरू, सर?’ असं विचार आणि जो महिना सांगतील तो त्याच संध्याकाळी मेलवर लिहून पाठव. शिबिरं वर्षभर चालू असतात आणि इगतपुरी भरलेलं असलं तरी पुण्याजवळ मरकळला आहे, मुंबईत गोराईला आहे. मार्च-एप्रिल मात्र तूच मागू नकोस, वर्षअखेरीला हिशेबखात्यातून रजा मागणारा माणूस मीही उभा केला नसता. दुसऱ्यांदाही कारण न देता टोलवलं तर बिनपगारी मागून बघ. तिसऱ्यांदाही तेच झालं तर तो प्रश्न रजेचा राहिला नाही, त्यावर आपण वेगळं बोलू.

एकच करू नकोस. अर्धवट होकारावर जाऊ नकोस. ‘बघू’, ‘जा, पण लक्ष ठेव’, ‘जमलं तर’ हे होकार नव्हेत. दुसरा आणि सहावा दिवस जड जातो असं जुने साधक सांगतात, माझाही अनुभव तोच. त्या दिवशी मन पळून जायला कारण शोधत असतं. पायाला मुंग्या आलेल्या, पाठ मोडलेली, आणि त्यात जर खरोखरच ऑफिसात काहीतरी लोंबकळत असेल, तर मन तेच पकडतं आणि तुला दारापर्यंत नेतं. मंजुरी लेखी आली की त्याच्या हातातलं एक हत्यार गेलं.

आणखी एक, पण ते सरांसाठी नाही. मन थाऱ्यावर नाही याचा अर्थ झोपेची किंवा मनाच्या आजाराची औषधं चालू आहेत असा असेल, तर शिबिराच्या फॉर्ममध्ये ते लपवू नकोस. आधी डॉक्टरांशी आणि मग केंद्राशी बोल. सगळ्यांनाच ते घेत नाहीत, आणि त्यामागे कारण आहे.

परतीचं थोडक्यात. रविवारी सकाळी बाहेर पडशील तेव्हा फोन चालू करशील आणि चारशे मेसेज एकदम कोसळतील. ऑफिसचा ग्रुप गाडीत उघडू नकोस, उत्तरं तर अजिबात देऊ नकोस. सोमवारी नेहमीपेक्षा अर्धा तास आधी जा आणि मेल उघडायच्या आधी त्या मुलाला चहाला घेऊन जा. कुठे अडलं, काय चुकलं, सर कशावरून चिडले, हे तो दहा मिनिटांत सांगेल. त्याने काही चुकवलं असेल तर त्या दिवशी बोलू नकोस. पुढच्या वेळी त्याला रजा हवी असेल तेव्हा तूच त्याची मेकर होणार आहेस.

मंगळवारी रात्री बॅग भरशील तेव्हा सैल कपडे, शाल, टॉर्च आणि गजराचं साधं घड्याळ घे. मग पर्स पलंगावर पूर्ण उलटी कर. त्या बाजूच्या चेनच्या कप्प्यात बघ, जिथे तू बसची तिकिटं कोंबतेस. सरांचं टोकन तिथे असेल.

तुझा,
काका